उशी, गाय आणि कान: जपानी शब्दांना मराठी खुंटी

प्रश्न: वय ४१, मडगावात नोकरी, घरच्या घरी जपानी शिकतेय. शब्द मराठी शब्दांशी जुळवून लक्षात ठेवते, पण दोन दिवसांत सगळ्यांची सरमिसळ होते. आणि पुस्तकात ओळखलेला शब्द कानावर आला की कळतच नाही. काय चुकतंय?

उत्तर:

या युक्तीत दोन सांधे असतात. पहिला जपानी आवाजापासून मराठी शब्दापर्यंत, म्हणजे ज्या खुंटीवर तो टांगायचा तिथपर्यंत, दुसरा त्या मराठी शब्दापासून अर्थापर्यंत. पहिला कानाने जोडायचा असतो, दुसरा डोळ्यांसमोरच्या चित्राने. तुमच्या दोन तक्रारी म्हणजे हे दोन सांधे आहेत. सरमिसळ होते तेव्हा चित्र कच्चं असतं. ऐकल्यावर कळत नाही तेव्हा खुंटी कागदावरून मारलेली असते, कानावरून नाही.

एक शब्द पूर्ण करून दाखवतो. जपानीत गाय म्हणजे ‘उशि’. मराठीत उशी आहेच, त्यामुळे पहिला सांधा आयता मिळाला. पण वहीत ‘उशि = गाय (उशी)’ एवढं लिहून काम होत नाही, कारण उशी आणि गाय यांचा एकमेकींशी काही संबंध अजून लागलेला नाही. तो लावायचा. पावसाळ्यात रात्री हमरस्त्याच्या मधोमध बसलेली गाय तुम्ही शंभर वेळा पाहिली आहे, कारण डांबर कोरडं आणि कोमट असतं. त्याच गाईच्या डोक्याखाली आता तुमच्या घरातली उशी आहे, तुमच्याच अभ्र्याची, एका कोपऱ्याला चिखल लागलेली. गाय मान टेकवून झोपली आहे आणि मागे गाड्यांची रांग लागली आहे. डोळे मिटून दहा-पंधरा सेकंद हे नुसतं बघा आणि बघता बघता मोठ्याने म्हणा: उशि.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की गाय उशीचं काहीतरी करते आहे. गाईशेजारी उशी पडली आहे असं चित्र दोन दिवसांत विरतं, कारण गाईशेजारी काहीही पडलेलं असू शकतं. ‘नेको’ म्हणजे मांजर, त्याला ‘नको’ची खुंटी छान बसते, पण ‘मांजर नको’ हे वाक्य झालं, चित्र नाही. त्याऐवजी मांजर ताटावर आलंय, ताटावर आडवा हात धरून कुणीतरी ‘नको, नको’ ओरडतंय आणि मांजर त्या हाताखालून बांगडा ओढतंय, हे चित्र झालं. ‘तोरा’ म्हणजे वाघ, इथे तर मराठी तोराच वाघाच्या चालीत दिसतो. ‘सोरा’ म्हणजे आकाश. गोव्यात राहणाऱ्याला यासाठी सोरो हाताशी आहे: सोरो प्यालेला माणूस बांधावर उताणा पडून आभाळाकडे बोट दाखवतोय. कोंकणी शब्द खुंटी म्हणून वापरायला मुळीच कचरू नका. ‘कानि’ म्हणजे खेकडा आणि कोंकणीत काणी म्हणजे गोष्ट. कुर्ली नांगी हलवत पिल्लांना काणी सांगते आहे, हे विसरणं कठीण जाईल. घरात दोन भाषा असल्या की खुंट्यांचा साठा दुप्पट होतो.

उलट ‘आशि’ म्हणजे पाय आणि त्याला ‘अशी’ जुळते. ‘आसा’ म्हणजे सकाळ आणि त्याला ‘असा’. आवाज जवळचे, पण ‘अशी’ आणि ‘असा’ दिसत नाहीत. जो मराठी शब्द पाटीवर काढून दाखवता येत नाही तो खुंटीसाठी घेऊ नये. हे दोन्ही शब्द बोलण्यात इतके येतात की वाक्यांतूनच बसतात. मी तर म्हणेन, दिवसाला आठ-दहा नवे शब्द घेत असाल तर त्यांतल्या फार तर तीन-चारांनाच खुंटी मारा, जे दुसऱ्या दिवशी आठवले नाहीत त्यांना. प्रत्येक शब्दाला खुंटी लावायला गेलं की चित्रंच एकमेकांत मिसळतात, आणि तुमच्याकडे बहुधा हेच होतंय.

आता कानाकडे, कारण खरी गडबड तिथे आहे.

नवा शब्द आधी तीन वेळा ऐका, लिखाणाकडे न बघता. मग कानाला जे ऐकू आलं ते देवनागरीत लिहा. देवनागरी जपानीला इंग्रजी अक्षरांपेक्षा पुष्कळ जवळची आहे, पण मराठी सवयी तिच्यातून आत येतात, म्हणून काही खुणा ठरवून घ्याव्या लागतात. मी ज्या खुणा सांगतो त्या अशा. जपानी ‘आ’ उघडा असतो पण आखूड, तो नेहमी काना देऊन लिहायचा आणि झटकन म्हणायचा. इ आणि उ नेहमी ऱ्हस्व लिहायचे. स्वर खरोखर लांब असेल तिथेच पुढे ऽ ही खूण द्यायची. जिथे स्वर गिळला जातो तिथे ॰ हे लाघवचिन्ह. आणि चोर, चूल, चाक यांतला च असेल तर खाली नुक्ता: च़. हा शेवटचा उच्चार इंग्रजीतून शिकणाऱ्यांना जड जातो, आपल्याला जन्मापासून येतो, तो वाया घालवू नका.

यातली ऽ ही खूण सर्वांत महत्त्वाची. मराठीत शब्दाच्या शेवटी आपण कवी, गुरू असं दीर्घच लिहितो, आणि बोलताना इ-उ ऱ्हस्व की दीर्घ यावरून अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपला कान त्या फरकाकडे लक्षच देत नाही. जपानीत मात्र सगळा अर्थ त्यावर उभा असतो. ‘होशि’ म्हणजे तारा. ‘होशिऽ’ म्हणजे हवं आहे, मिळावंसं वाटतं. दोघांनाही मराठीतून हौस-हौशी हीच खुंटी सुचते, आणि ‘होशिऽ’च्या बाबतीत तर अर्थही जवळ येतो, म्हणून ती फार मोहात पाडते. दोन्ही शब्द एकाच खुंटीवर टांगले की आठवड्याभरात तारा कुठला आणि हवं कुठलं ते कळेनासं होतं. इथे मी ‘होशिऽ’ला हौस देईन आणि चित्रात लांबी घालीन: जत्रेत फुग्यासाठी हट्ट धरलेलं पोर, आणि त्याचं ‘हौ..शीऽऽ’ लांबलचक ओढलेलं. ताऱ्याला वेगळी खुंटी, किंवा खुंटीच नाही. घर सजवताना आकाशकंदिलाच्या चांदणीवर ‘होशि’ अशी चिठ्ठी डकवली तरी भागेल.

लांबी मोजायला आपल्याकडे शाळेपासूनची सोय आहे: मात्रा. जपानी बोलणं मात्रांच्या समान ठोक्यांवर चालतं. ‘होशि’ दोन मात्रा, ‘होशिऽ’ तीन. अक्षराच्या शेवटी सुटा ‘न्’ आला तर त्याचीही एक मात्रा धरायची, जोडाक्षर ठसक्याने दुप्पट झालं तर त्याचीही एक. ‘गाक्कोऽ’ म्हणजे शाळा: गा, क्, को, ऽ, एकूण चार. आपल्या छंदशास्त्रात काना आला की अक्षर गुरू होतं, तसं इथे करायचं नाही. साधा ‘गा’ इथे लघूच. प्रत्येक नव्या शब्दाला बोटाने टेबलावर ठोके द्या. ‘आतामा’ म्हणजे डोकं, त्याला आत्मा ही खुंटी सहज सुचते, पण आत्मा म्हणताना मधला त अर्धा होतो आणि तुम्ही दोनच ठोके द्याल. खुंटी आत्म्याची ठेवली तरी ठोके तीनच पडले पाहिजेत: आ, ता, मा. दोन ठोक्यांत म्हटलेलं जपानी माणसाला सहसा कळत नाही, आणि तुम्हालाही तीन ठोक्यांत ऐकलेला शब्द ओळखू येत नाही.

आता तुमच्या ‘पुस्तकात कळतं, कानाला कळत नाही’ या तक्रारीचं नेमकं उदाहरण. ‘सुकि’ म्हणजे आवडतं. गोव्यात याला फार सुंदर खुंटी आहे: सुकी सुंगटां. किसमुरीचा वास, पेजेची वाटी, आवडीचा घास. चित्र पक्कं बसतं. मग जपानी माणूस म्हणतो ‘साकाना गा स्कि देस’, म्हणजे मला मासे आवडतात, आणि तुम्ही ‘सुकी’ची वाट बघत बसता, ती येतच नाही. कारण क, स, श, त, ह यांसारख्या अघोष व्यंजनांच्या मध्ये आलेला इ किंवा उ तोक्योच्या बोलीत नुसता श्वास होतो, घसा हलत नाही. ‘देसु’च्या शेवटचा उसुद्धा असाच जातो. म्हणून वहीत ‘सु॰कि’, ‘देसु॰’ असं लिहा आणि चित्रातही बदल करा: सुकी सुंगटं इतकी कुरकुरीत की दाताखाली ‘स्क’ आवाज येतो. चंद्राचंही असंच. ‘च़ु॰कि’ म्हणजे चंद्र, खुंटी ‘चुकी’ची, चंद्रावरचा डाग ही देवाची चुकी. मराठी चुकीतला च अगदी बरोबर, पण त्याच्या पुढचा उ कानाला जवळपास नाहीच. गिळलेल्या स्वराची मात्रा मात्र मोजायची, तेवढा वेळ तोंडात थांबायचं.

ण आणि ड या आपल्या अक्षरांपासूनही जपा. ‘हाना’ म्हणजे नाक, खुंटी ‘हाणा’, नाकावर. छान आहे, पण जपानीत ण नाही. खुंटी जिभेवर राहिली तर तुम्ही आयुष्यभर हाणा म्हणाल. त्याच्या उलट ‘उदे’ म्हणजे दंड, खांद्यापासूनचा हात, आणि ‘उदे गं अंबे उदे’ म्हणत वर गेलेले हात. इथे द तोच, ए तोच, काहीच सुधारावं लागत नाही. दोन खुंट्या सुचल्या तर ज्यात जीभ त्याच जागी लागते ती घ्या, जरी दुसरी जास्त गमतीची वाटली तरी.

‘हाना’चा आणखी एक घोळ आहे: त्याचा अर्थ फूलही होतो. अशा जोडशब्दांना दोन चित्रं देऊ नका, एकाच चित्रात दोघांना बसवा: फुलाने नाकावर हाणा. मग वेगळं कसं करायचं? सुटा शब्द म्हटला तर तोक्योच्या बोलीत फरक नाही. पुढे ‘गा’ लागला की कळतो. ‘हाना गा’ म्हणताना ना वर जाऊन गा खाली आला तर फूल, गा वरच राहिला तर नाक. हा चढउतार खुंटीत मावत नाही, तो दोन्ही वाक्यं ऐकूनच बसतो.

एक सापळा असा आहे की त्यात पडल्याचं कळतही नाही: अर्थ जवळपास जुळणारी खुंटी. ‘कोशि’ म्हणजे कंबर, पाठीचा खालचा भाग. मराठी कुशी शरीरावरच, त्याच्या शेजारीच. पहिल्या आठवड्यात हा शब्द सर्वांत सोपा वाटतो आणि महिन्याभराने कोशि म्हणजे बरगडीखालची बाजू असं डोक्यात बसलेलं असतं. अशा वेळी चित्रात कंबरच दुखली पाहिजे: रात्रभर एकाच कुशीवर झोपलेली बाई सकाळी कंबरेवर हात ठेवून उठते आहे. सोबत वाक्य, ‘कोशि गा इताइ’, कंबर दुखते. ‘वासुरेरु’ म्हणजे विसरणं, ‘सुवारु’ म्हणजे बसणं आणि आपला स्वार, हेही असेच निव्वळ योगायोग. त्यांच्यावरून नातं शोधत बसू नका. विसरणं आणि वासुरेरु यांची मुळं वेगळी आहेत.

क्रियापदांना खुंटी मारताना पुढचं रूप बघून मारा. ‘काकु’ म्हणजे लिहिणं, आणि काकू लिहिताना डोळ्यांसमोर येतेच. पण सभ्य बोलण्यात तुम्हाला नुसतं ‘काकु’ कमीच भेटेल. ‘काकिमासु॰’ भेटेल, आणि विनंती करताना ‘काइते’, ज्यात दुसरा क पार नाहीसा होतो. काकूची खुंटी ‘काइते’पर्यंत पोहोचत नाही. म्हणून चित्रातच दुसरी पायरी ठेवा: बँकेच्या खिडकीशी काकू फॉर्मवर पेन धरून उभी आहे आणि आतला माणूस म्हणतो, ‘काय ते लिहा एकदाचं.’ काकु, काय ते. मग या शब्दाच्या सरावाच्या चिठ्ठीमागे ‘नामाए ओ काइते कुदासाइ’, कृपया नाव लिहा. नामाए म्हणजे नाव, आणि नाम तर आपल्याला माहीतच आहे.

ही सगळी युक्ती दोन-तीन मात्रांच्या अस्सल जपानी शब्दांसाठी आहे: प्राणी, अवयव, निसर्ग, रोजच्या क्रिया. चिनीतून आलेल्या जोडशब्दांना ती लावू नका. ‘गाकुसेइ’ विद्यार्थी, ‘दाइगाकु’ विद्यापीठ, ‘गाक्कोऽ’ शाळा, या तिघांना तीन मराठी चित्रं देण्यात काही अर्थ नाही. त्यांत ‘गाकु’ म्हणजे शिकणं हा तुकडा एकच आहे आणि ‘दाइ’ म्हणजे मोठं. तुकडे ओळखले की दहा-पंधरा शब्द एकदम हाती लागतात. इथे चिनी चिन्हं शिकणं हाच आधार.

गोव्यातल्या माणसाला एक छोटा कप्पा मात्र फुकट मिळतो, ज्याला खुंटी लागतच नाही. पोर्तुगीज गोव्यात १५१० मध्ये आले आणि १५४३ मध्ये जपानला पोहोचले. फ्रान्सिस झेवियर इथूनच निघून १५४९ मध्ये कागोशिमाला उतरले. त्या काळात जपानीत शिरलेले शब्द आपल्याकडच्या शब्दांचे सख्खे भाऊ आहेत. ‘पान’ म्हणजे पाव. ‘ताबाको’ म्हणजे तंबाखू. ‘बोतान’ म्हणजे बटण, कोंकणी बुतांव. ‘कोप्पु’ म्हणजे बिनकानाचा पेला, बहुधा आपला कोपच. कानाचा कप हवा असेल तर ‘काप्पु’, तो इंग्रजीतून आला आहे. ‘शाबोन’ म्हणजे साबू, पण आज दुकानात साबण मागायचा तर ‘सेक्केन’ म्हणावं लागतं. जुना शब्द उरला आहे तो ‘शाबोनदामा’ म्हणजे साबणाच्या फुग्यात. विड्याचं पान आणि ‘पान’ यांची गल्लत होऊ देऊ नका, एवढीच खबरदारी.

आता चिठ्ठी कशी दिसावी. पुढच्या बाजूला फक्त जपानी लिपीतला शब्द आणि आवाजाची फीत. मराठी काहीच नाही. मागे वर अर्थ, खाली ठोक्यांची संख्या आणि खुणांसह उच्चार, मग एक वाक्य, आणि सर्वांत शेवटी बारीक अक्षरात खुंटी. उशिच्या चिठ्ठीमागे असं येईल:

गाय
२ ठोके: उ, शि
मिचि नि उशि गा इमासु॰ (रस्त्यावर गाय आहे)
अभ्र्यासकट उशी, मागे गाड्या

फेऱ्या त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्याने. पहिल्या दोन फेऱ्या जपानीकडून मराठीकडे करा. उलटी फेरी, म्हणजे गाय म्हटल्यावर उशि आठवणं, जास्त अवघड असते, कारण गाय म्हटल्यावर डोक्यात पन्नास चित्रं येतात आणि त्यांतलं उशीचं निवडावं लागतं. ती तिसऱ्या फेरीपासून सुरू करा. उलट्या फेरीत वारंवार अडलं तर नवी खुंटी शोधू नका, चित्रात अर्थाची बाजू वाढवा: गाईच्या गळ्यातली घंटा, शेपटीने उशीवर बसलेल्या माश्या हाकलणं.

आवाज ऐकल्यावर अर्थ दोन सेकंदांच्या आत, चित्र मध्ये न येता आला, आणि असं सलग तीन फेऱ्यांत झालं, की मागची खुंटीची ओळ खोडून टाका. खोडायला जीव होत नाही, पण ती तिथे राहिली तर प्रत्येक वेळी उशीवरून वळसा घालून गाईकडे जायची सवय लागते, आणि बोलणारा तोवर तीन शब्द पुढे गेलेला असतो. तुमच्या आत्ताच्या वहीत जे शब्द एकमेकांत मिसळले आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा: मिसळणाऱ्या जोडीतल्या एकाची खुंटी पूर्ण काढा, दुसऱ्याचीच ठेवा, आणि काढलेला शब्द पुढचा आठवडाभर फक्त वाक्यात ऐका.